मिठाई-बेकरीवाल्यांना कस्टम बॉक्सचा मेल: 'किमान २,०००' समजेल असं कसं लिहायचं

हा लेख ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या पॅकेजिंगवाल्यांसाठी आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात आपल्यासारखे बरेच जण मिठाईची दुकानं आणि बेकऱ्यांना छापील बॉक्स देतात. दुकानदाराला पहिला मेल जातो, त्यात 'किमान ऑर्डर २,००० नग' एवढी एक ओळ असते आणि पुढचे सगळे घोळ त्या ओळीतून सुरू होतात.

माझ्याकडूनही हा घोळ झाला आहे. नौपाड्यातल्या एका मिठाईवाल्यांना मी असाच मेल पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं: 'पाव किलोचे ५००, अर्धा किलोचे १,००० आणि एक किलोचे ५००. झाले २,०००. ॲडव्हान्स पाठवतो.' पैसे खात्यात जमाही झाले. त्यांची बेरीज बरोबर होती, माझं वाक्य अपुरं होतं. तीन मापं म्हणजे तीन डाय, बारा प्लेटा आणि मशीन तीनदा लावणं. मला फोन करून 'त्या दरात जमणार नाही' असं सांगावं लागलं आणि ॲडव्हान्स परत करावा लागला. नंतर आम्ही दोघांनी बसून फक्त अर्धा किलोच्या बॉक्सचं नीट ठरवलं. खाली उदाहरण म्हणून तोच बॉक्स घेतला आहे.

कामाचा क्रम मोडू नका. आधी माप, मग हिशेब, मग दुकानाचा खप आणि शेवटी मेल. बहुतेक जण मेलपासून सुरुवात करतात.

## १. मेल लिहिण्याआधी बॉक्स मोजा, तोही मिठाई भरून

दुकानदार 'अर्धा किलोचा बॉक्स' म्हणतो तेव्हा तो वजन सांगत असतो, माप नाही. अर्धा किलो काजू कतली चपटी बसते. अर्धा किलो मोतीचूर लाडवांना उंची लागते. सोनपापडी तर वजनाला हलकी आणि जागेला मोठी. म्हणून दुकानात जा, त्या बॉक्सातून सर्वांत जास्त विकली जाणारी मिठाई कोणती ते विचारा आणि तीच समोर भरून घ्या.

नौपाड्याच्या दुकानात ती मिठाई मोतीचूर लाडू होती. एक लाडू साधारण ४२ ग्रॅमचा, रुंदी ४.२ सेंटिमीटर. बारा लाडू म्हणजे अर्धा किलो पुरा. ते चार-चारच्या तीन ओळींत मांडले तर १६.८ बाय १२.६ सेंटिमीटर जागा लागते. खाली बटर पेपर आणि कडेला बोटाच्या टोकाएवढी मोकळी जागा धरून आतलं माप ७.२५ बाय ५.२५ इंच आणि उंची १.७५ इंच निघाली. आधीचा बॉक्स लांबीला कमी होता, त्यामुळे काउंटरवरचा मुलगा दोन लाडू वर ठेवून झाकण दाबत होता. घरी पोचेपर्यंत वरचे लाडू फुटलेले असायचे. मालकांना वाटत होतं की कारागीर लाडू सैल वळतो.

लक्ष ठेवा: माप नेहमी आतलं लिहा आणि क्रम लांबी, रुंदी, उंची असाच ठेवा. मेलमध्येही 'आतलं माप' हे शब्द हवेत.

बेकरीच्या केकच्या बॉक्सात उंचीने सगळ्यात जास्त फसगत होते. ऐरोलीच्या एका बेकरीसाठी मी केकची उंची मोजली आणि वरच्या क्रीमच्या फुलांची मोजायची राहिली. झाकण लावलं की फुलं झाकणाला चिकटायची. केक मोजायचा तो बोर्डासकट, पूर्ण सजवलेला.

### माप थोडं वाढवलं तर काय होतं

हे दुकानदाराला माहीत नसतं आणि आपल्यातले अनेक जणही दर देण्याआधी तपासत नाहीत. वरच्या मापाचा, एका तुकड्यात झाकणासह घडी होणारा बॉक्स उलगडला तर साधारण १५.५ बाय १०.७५ इंच होतो. २३ बाय ३६ इंची शीटवर असे चार बसतात: ३६ च्या बाजूला दोन (३१ इंच) आणि २३ च्या बाजूला दोन (२१.५ इंच). मशीनच्या ग्रिपरसाठी २३ च्या बाजूचा साधारण अर्धा इंच सोडावा लागतो, म्हणजे हाताशी २२.५ इंच उरतात. तेवढ्यात हे बसतं.

आता मालक म्हणाले, 'लांबी आठ इंच करा, बॉक्स भरदार दिसेल.' पाऊण इंचच वाढला. पण उलगडलेला बॉक्स ११.५ इंच रुंद झाला, त्याचे दोन म्हणजे २३ इंच, आणि आपल्याकडे २२.५ च आहेत. शीट कशीही फिरवली तरी आता चार नाही, तीनच बसतात. एक शीट १४ रुपयांची धरली तर बोर्डाचा खर्च बॉक्समागे ३.५० वरून ४.६७ रुपयांवर जातो. म्हणून माप पक्कं होईपर्यंत दर देऊ नका. दर दिल्यावर माप बदललं की भांडण ठरलेलंच.

पुढे जाण्याआधी तपासा: साध्या कोऱ्या बोर्डाचा हाताने कापलेला एक नमुना बनवा. त्यात दुकानातलीच मिठाई भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तुपाचा डाग बाहेर आला असेल तर बोर्ड किंवा आतला कागद बदलायला हवा. राखाडी पाठीचा डुप्लेक्स बोर्ड रद्दीच्या लगद्यापासून बनतो, त्यावर तुपातली मिठाई थेट ठेवायची नाही. अन्नाला थेट लागणारा माल फूड ग्रेडच असावा, असं एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत स्पष्ट आहे. मेलमध्ये बोर्डाचं नाव आणि जीएसएम दोन्ही लिहा. 'उत्तम क्वालिटी' हा शब्द त्या जागी चालत नाही.

## २. किमान संख्या कुठून येते, ते आधी स्वतः मांडा

'आमचं मिनिमम २,०००' असं सगळे म्हणतात. का, असं विचारलं तर 'परवडत नाही' यापुढे उत्तर नसतं. दुकानदार घासाघीस करतो ती याच जागी, कारण त्याला हा आकडा मनाने ठरवलेला वाटतो.

खर्च दोन भागांत मांडा. पहिला भाग एकदाचा: ५०० बॉक्स करा की ५,०००, तो तेवढाच लागतो. दुसरा प्रत्येक बॉक्सचा. आपल्या अर्धा किलोच्या बॉक्सचा हिशेब खाली दिला आहे. आकडे पद्धत कळावी म्हणून आहेत, तुम्ही तुमचे घाला.

एकदाचा खर्च:

- डाय: ३,५०० रुपये
- चार रंगांच्या चार प्लेटा: १,६०० रुपये
- छपाईचं मशीन लावणं: २,५०० रुपये
- पंचिंग मशीनवर डाय बसवणं, क्रीज जुळवणं: १,३०० रुपये
- रंग आणि पंचिंग जुळेपर्यंत वाया जाणाऱ्या १५० शीट: २,१०० रुपये

एकूण ११,००० रुपये. यातली शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात आणि नफा तिथेच जातो. १,००० बॉक्सना २५० शीट पुरतात, पण त्याआधी १५० शीट जुळवणीत जातात.

प्रत्येक बॉक्सचा खर्च: बोर्ड ३.५०, छपाई ०.६०, वरचं लॅमिनेशन १.१०, पंचिंग आणि कडा झाडणं ०.८०. एकूण ६ रुपये. हा लॉकचा बॉक्स आहे, पेस्टिंग नाही. घडी दुकानातली मुलं घालतात.

आता दोन्ही भाग एकत्र करा:

| संख्या | एकदाच्या खर्चाचा वाटा | बॉक्सचा खर्च | एका बॉक्सला |
|---|---|---|---|
| १,००० | ११.०० | ६.०० | १७.०० |
| २,००० | ५.५० | ६.०० | ११.५० |
| ३,००० | ३.६७ | ६.०० | ९.६७ |
| ५,००० | २.२० | ६.०० | ८.२० |
| १०,००० | १.१० | ६.०० | ७.१० |

मी किमान संख्या अशी काढतो: एकदाच्या खर्चाला एका बॉक्सच्या खर्चाने भागायचं. ११,००० भागिले ६ म्हणजे १,८३३. याच्या खाली गेलं की दुकानदार बॉक्सपेक्षा मशीन लावण्याचे पैसे जास्त देतो. म्हणून किमान २,०००. हे एका वाक्यात सांगितलं की समोरच्यालाही पटतं, कारण कढई तापवण्याचा गॅस त्याच्याकडेही दोन किलोला आणि दहा किलोला जवळपास तेवढाच लागतो.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १,००० वरून २,००० वर जाताना बॉक्स साडेपाच रुपयांनी उतरला. ५,००० वरून १०,००० वर जाताना फक्त १.१० ने. म्हणजे १०,००० घ्या असा आग्रह दुकानदाराच्या फायद्याचा नसतो, आणि त्याला ते लवकरच कळतं.

नेहमीची चूक: पुन्हा येणाऱ्या ऑर्डरला तोच दर लावणं. दुसऱ्या वेळी डाय तयार असते आणि डिझाइन तेच असेल व प्लेटा जपून ठेवल्या असतील तर त्याही चालतात. एकदाचा खर्च ११,००० वरून ५,९०० वर येतो, ३,००० बॉक्सचा खर्च ७.९७ वर. हा दर पहिल्याच मेलमध्ये लिहा. ग्राहक टिकवायला याच्याइतकं उपयोगी काही मला सापडलेलं नाही.

## ३. आकडा दुकानाच्या खपाशी जुळवा

आपलं किमान निघालं. ते त्या दुकानाला झेपतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तोही मेलच्या आधी सोडवायचा.

दुकानदाराला 'महिन्याला किती बॉक्स लागतात' असं विचारू नका, उत्तर अंदाजपंचे येतं. 'कोऱ्या बॉक्सचं बंडल किती दिवसांत संपतं' असं विचारा. नौपाड्यात शंभरचं बंडल चार दिवसांत संपत होतं. म्हणजे दिवसाला २५. त्या हिशेबाने २,००० बॉक्स ८० दिवस, ३,००० बॉक्स १२० दिवस आणि ५,००० बॉक्स २०० दिवस पुरतात.

चार महिन्यांपेक्षा जास्त साठा मी सुचवत नाही. आपल्याकडची दमट हवा, त्यात पावसाळा. लादीवर ठेवलेल्या गठ्ठ्यातले खालचे बॉक्स वाकतात, लॉक बसत नाही, कधी कुबट वास धरतात. मिठाईच्या बॉक्सला वास म्हणजे तो बॉक्स संपला. ५,००० घेतल्यावर दर उतरतो खरा, पण त्यातले हजार-दीड हजार फेकावे लागले तर वाचलेले पैसे त्यातच जातात. म्हणून या दुकानाला मी ३,००० सुचवले.

जागेची भीतीही आधीच काढून टाका. 'तीन हजार बॉक्स ठेवू कुठे?' हा नेहमीचा प्रश्न आहे, कारण मालकाच्या डोळ्यांसमोर घडी घातलेले, उभे बॉक्स असतात. हे बॉक्स सपाट येतात. शंभराचा गठ्ठा चार-पाच सेंटिमीटर जाडीचा होतो. ३,००० म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीच्या तीन थप्प्या. फळीवर, भिंतीपासून जरा दूर ठेवल्या की झालं.

### खप कमी असेल तर

दिवसाला आठ बॉक्स जाणाऱ्या दुकानाला २,००० बॉक्स आठ महिने पुरतील. तिथे पूर्ण छापील बॉक्स विकू नका. तयार कोरा बॉक्स आणि त्यावर दुकानाच्या नावाची छापील पट्टी किंवा स्टिकर द्या. पट्टीला डाय लागत नाही, साध्या कटिंगवर होते आणि ५०० नगांतही परवडते. सगळ्या मापांना एकच स्टिकर चालतो, हा वेगळा फायदा. असं दुकान मोठं झालं की छापील बॉक्ससाठी आपल्याकडेच येतं.

तपासा: मेलला बसण्याआधी पाच गोष्टी कागदावर हव्यात: आतलं माप, बोर्ड, तीन संख्यांचे दर, पुन्हा ऑर्डरचा दर आणि दुकानाचा रोजचा खप. एकही नसेल तर मेल थांबवा.

## ४. आता मेल लिहा

मिठाईवाला मेल मोबाइलवर वाचतो, बहुधा दुपारी दोन ते चारमध्ये, काउंटरला उभा राहून. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: मला किती घ्यावे लागतील आणि एकूण पैसे किती. या दोन्ही वरच्या पाच-सहा ओळींत आल्या पाहिजेत. आपल्या कंपनीची ओळख, मशिनची नावं, किती वर्षांचा अनुभव, हे सगळं खाली किंवा मुळीच नाही.

विषयाच्या ओळीत त्याचं काम दिसू दे. 'पॅकेजिंग सोल्युशन्स' असा विषय असलेले मेल न उघडता जातात. नौपाड्याच्या मिठाईवाल्यांना मी पाठवलेला सुधारलेला मेल असा होता:

> विषय: आपल्या अर्धा किलो लाडवाच्या बॉक्सचा दर: ३,००० नग, ३४,२०० रुपये
>
> नमस्कार,
>
> मंगळवारी आपल्या दुकानात बारा लाडू भरून माप घेतलं होतं. त्या मापाच्या छापील बॉक्सचा दर पाठवत आहे.
>
> बॉक्स: अर्धा किलो, आतलं माप ७.२५ × ५.२५ × १.७५ इंच. ३०० जीएसएम फूड ग्रेड पांढरा बोर्ड, बाहेरून चार रंग आणि ग्लॉस लॅमिनेशन, आतून कोरा. सपाट येईल, घडी आपल्याकडे घालायची.
>
> २,००० नग: १३.५० रुपये प्रमाणे २७,०००
> ३,००० नग: ११.४० रुपये प्रमाणे ३४,२००
> ५,००० नग: ९.७० रुपये प्रमाणे ४८,५००
> यात डाय आणि प्लेटा धरल्या आहेत. जीएसटी वेगळा.
>
> किमान संख्या २,००० ही एका मापाला आणि एका डिझाइनला आहे. पाव किलो किंवा एक किलोचा बॉक्स हवा असेल तर त्याचे किमान २,००० वेगळे धरावे लागतील, कारण प्रत्येक मापाची डाय वेगळी बनते आणि मशीन पुन्हा लावावं लागतं.
>
> आपला खप दिवसाला सुमारे २५ बॉक्स आहे. ३,००० बॉक्स साधारण चार महिने पुरतील. माझ्या मते हीच संख्या घ्यावी. ५,००० चा दर कमी आहे, पण पावसाळ्यात इतका साठा ठेवू नये.
>
> हेच डिझाइन पुन्हा छापल्यास ३,००० नगांचा दर ९.४० रुपये.
>
> छपाईत संख्या पाच टक्के कमी-जास्त होते. ३,००० च्या ऑर्डरला २,८५० ते ३,१५० बॉक्स येतील आणि बिल आलेल्या नगांचंच होईल.
>
> डिझाइनला आपली लेखी मंजुरी मिळाल्यापासून कामाचे १८ दिवस. निम्मी रक्कम ऑर्डरसोबत, उरलेली माल पोचताना. दर १५ दिवस कायम राहील.
>
> पाव आणि एक किलोसाठी सध्या कोरा बॉक्स आणि छापील स्टिकर असं करता येईल. त्याचा दर हवा असल्यास कळवा.
>
> पुढे जायचं असेल तर या मेलला फक्त संख्या लिहून उत्तर द्या. कोरा नमुना मी दुकानात आणून देतो.

यातली किमान संख्येची ओळ हाच मेलचा जीव आहे. 'किमान २,०००' पुढे 'एका मापाला, एका डिझाइनला' हे चार शब्द असते तर माझा पहिला घोळ झालाच नसता. दोन शाखांची दोन नावं असतील, किंवा दिवाळीचं आणि एरवीचं असं वेगळं चित्र हवं असेल, तर त्या प्रत्येकाचं किमान वेगळं होतं. डाय तीच राहते, पण प्लेटा बदलतात. हा प्रश्न विचारला जाईपर्यंत थांबू नका.

दुसरी ओळ पाच टक्क्यांची. ती नसली आणि २,९१० बॉक्स पोचले की मालकाला ९० बॉक्स खाल्ल्यासारखं वाटतं. आधी सांगितलेलं असेल तर तो मोजून घेतो आणि सही करतो.

एकूण रक्कम प्रत्येक संख्येपुढे लिहायला विसरू नका. फक्त नगाचा दर दिला तर माणूस सर्वांत छोट्या आकड्याकडे जातो, ५,००० म्हणतो, आणि बिल बघून मागे फिरतो. तोवर आपण डिझाइनवर आठवडा घालवलेला असतो.

लक्ष ठेवा: एकाच मेलमध्ये तीन मापांचे दर भरू नका. सर्वांत जास्त खपाचं एक माप घ्या. वीस पानी कॅटलॉग जोडू नका, मिठाई भरलेल्या कोऱ्या नमुन्याचा एक फोटो पुरतो. आणि पन्नास दुकानांना एकदम पाठवताना सगळ्यांचे पत्ते दिसतील असं कधीच करू नका. नौपाड्याच्या दुकानाला गोखले रोडच्या दुकानाचा दर विचारता येईल, अशी सोय आपणच करून देतो.

## ५. कधी पाठवायचा

दिवाळीच्या बॉक्ससाठी उलटं मोजत या. कंपन्यांच्या मोठ्या ऑर्डरी दसऱ्याच्या सुमारास सुरू होतात, म्हणून बॉक्स दसऱ्याला दुकानात हवेत. कामाचे १८ दिवस म्हणजे कॅलेंडरचे तीन आठवडे. अनंत चतुर्दशी ते दसरा यात साधारण २६ दिवस मिळतात. म्हणजे डिझाइनची मंजुरी विसर्जन झाल्यावर लगेच हातात हवी. गणपतीच्या दहा दिवसांत मोदकांच्या गर्दीत कोणी डिझाइन बघत नाही. म्हणून डिझाइन त्याआधीच तयार असायला हवं आणि पहिला मेल आषाढात जायला हवा. तेव्हा दुकानं त्यातल्या त्यात निवांत असतात. राखी पौर्णिमेच्या आधीचे तीन-चार दिवस टाळा.

नवरात्रात आलेली ऑर्डर मी दिवाळीसाठी घेत नाही, कितीही मोठी असली तरी. तेव्हा पंचिंगवाल्यांकडे रांग असते, आणि नरक चतुर्दशीला पोचलेला बॉक्स दुकानदाराच्या काही कामाचा नसतो.

## ६. होकार आल्यानंतर, छपाईच्या आधी

उत्तरात फक्त 'ओके' आलं असेल तर काम सुरू करू नका. कशाला ओके? संख्येला, दराला की डिझाइनला? परत मेल करा: 'अर्धा किलो, एक डिझाइन, ३,००० नग, ३४,२०० अधिक जीएसटी. बरोबर ना?' त्याला 'हो' येऊ दे.

डिझाइन मंजुरीला पाठवताना मजकूर मालकाकडून बोट ठेवून वाचून घ्या. दुकानाचं नाव, पत्ता, फोन, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण (हिरव्या चौकटीत हिरवा गोल). परवान्याचा क्रमांक जुन्या बॉक्सवरून उचलू नका, परवान्याची प्रतच मागा. मिठाई बनवल्याची तारीख आणि 'या तारखेपूर्वी खावी' ही ओळ बॉक्सवर छापायची नसते. तिथे स्टिकरसाठी कोरी जागा सोडा. बॉक्स चार महिने चालणार आहे, तारीख रोज बदलणार.

रंगाबद्दल स्पष्ट लिहा: मोबाइलवर दिसणारा केशरी आणि बोर्डावर छापलेला केशरी एकसारखा येत नाही. रंगाबद्दल मालक काटेकोर असतील तर छापील प्रूफ दाखवून त्यावर सही घ्या.

रिकाम्या बॉक्सचं वजनही कळवा. हा बॉक्स साधारण ३० ग्रॅमचा आहे. मिठाई बॉक्ससकट तोलून विकणं वैधमापनाच्या नियमांत बसत नाही आणि दिवाळीत तपासणी होते. नवा बॉक्स जुन्यापेक्षा जड असला तर काउंटरच्या काट्यावर आधीचं वजा करायचं वजन सेट असतं, ते बदलावं लागतं. ही एक ओळ डिलिव्हरीच्या मेलमध्ये लिहिली की दुकानदार दंडापासून वाचतो आणि गिऱ्हाइकाला पुरे बारा लाडू मिळतात.

शेवटची तपासणी: पूर्ण माल पंच होण्याआधी पहिले दहा बॉक्स हातात घ्या. घडी घाला, लॉक लावा, उघडा, परत लावा. क्रीजवर छपाईचा थर तडकत असेल किंवा लॉक दुसऱ्यांदा सैल बसत असेल तर मशीन तिथेच थांबवा. त्यातला एक बॉक्स घेऊन दुकानात जा आणि काउंटरवरच्या मुलाला घडी घालायला सांगा. दिवसाला पंचवीसदा ती त्यालाच घालायची आहे. नौपाड्यातल्या मुलाने पहिल्या फटक्यात झाकणाचा कान उलटा खोचला. आम्ही परत येऊन क्रीज अर्धा मिलिमीटर सरकवली आणि मगच उरलेला माल पंच केला.